पत्रातला खरा प्रश्न

नमुन्यादाखल एक पत्र घेऊ. “ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. घडाघडा बोलायचा, पण 2 महिन्यांपासून ‘म-म-मला’ असं अडखळतो. सासूबाई जिभेला वेखंड लावतात. हे सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मी त्याला फार रागावले होते. काय करू?”

सल्ल्याच्या सदरात याचं उत्तर बहुधा कलमवार येतं: सावकाश बोलायला सांगा, बोलण्याआधी दीर्घ श्वास घ्यायला लावा, मोबाइल कमी करा, गरज वाटल्यास तज्ज्ञांना भेटा. वाचायला सुटसुटीत. पण पहिली दोन कलमं उलटीच पडतात. ‘सावकाश बोल’ असं दिवसभर ऐकणाऱ्या मुलाला एवढंच कळतं की आपलं बोलणं चुकतंय. ‘गरज वाटल्यास’ हेही फसवं. गरज कशी ओळखायची हेच तर बाईंना माहीत नाही. शिवाय त्यांचा खरा प्रश्न ‘काय करू’ हा नाहीच. तो रागावल्याच्या वाक्यात दडलाय. उत्तराने तिथूनच सुरुवात केली, तर ते साधारण असं होईल:

“तुमच्या रागावण्यामुळे हे झालेलं नाही. अडखळणं बहुधा 2 ते 5 या वयात, मूल शब्दांवरून लांब वाक्यांकडे जात असतानाच सुरू होतं. मेंदू बोलण्याची जुळणी कशी करतो याच्याशी त्याचा संबंध असतो, आणि पुष्कळदा ते घराण्यातही असतं. लहान मुलाच्या घरी रागावणं अधूनमधून होतंच, त्यामुळे मागे वळून शोधलं की ते सापडतंच.

बहुतेक मुलांचं अडखळणं आपोआप थांबतं. तुमच्या मुलाचं थांबेलच, असं मात्र आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. म्हणून घराण्यात मोठेपणीही अडखळणारं कुणी आहे का, हे सासूबाईंना विचारा. त्यांना नक्की ठाऊक असेल. तसं असेल, अडखळणं 6 महिन्यांपुढे टिकलं, किंवा शब्द काढताना तो डोळे घट्ट मिटू लागला, मान झटकू लागला, ‘जाऊ दे’ म्हणून गप्प बसू लागला, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्या. तुमची काळजी आत्ताच फार वाढली असेल, तर आजही न्यायला हरकत नाही.

तोवर सावकाश बोलायचं ते तुम्ही. त्याने ‘आ-आ-आज शाळेत’ अशी सुरुवात केली की त्याचा शब्द पुरा करू नका. त्याचं सांगून होईपर्यंत ऐका, क्षणभर थांबा आणि मग तो काय म्हणाला त्यावर बोला, कसं म्हणाला त्यावर नको. त्रास जिभेत नाही, तेव्हा वेखंडाची गरज नाही. पण त्यावरून सासूबाईंशी भांडू नका. जेवताना सगळे एकदम बोलणार नाहीत एवढं पाहायचं काम त्यांच्याकडे द्या. ते त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही.”

लांबी वाढली, हे खरं. जागा कमी पडली तर संपादक आधी घराण्याचं वाक्य कापतील. ते कापू देऊ नये, कारण धोका ओळखायची ती मोठी खूण आहे. मोबाइलचं कलम मात्र गाळलं. पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.