एकाच फीचे पैसे दोनदा गेले, तर सॉफ्टवेअर कंपनीला काय लिहायचं?

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत. खुर्चीची फी महिन्याची असते आणि ती आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर, यूपीआयने भरली जाते. पावती, हजेरी, थकबाकी हे सगळं एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं अॅप सांभाळतं. समजा, अशा एका अभ्यासिकेची फी १,२०० रुपये आहे. ३० जूनच्या रात्री अॅपचं अपडेट आलं आणि १ जुलैपासून तीन दिवसांत ३४ मुलांनी काउंटरवर येऊन सांगितलं, ‘सर, माझे पैसे दोनदा कापले गेलेत.’ घरून मोजून पैसे येणाऱ्या मुलाचे १,२०० रुपये अडकले की त्याची मेस अडते. त्यामुळे हा हिशेबातला किरकोळ घोळ म्हणून सोडून देता येत नाही.

अशा वेळी चालक रागाच्या भरात दोन ओळी लिहून पाठवतो : आपल्या अपडेटमुळे आमच्या विद्यार्थ्यांचे पैसे दोनदा गेले आहेत, ते त्वरित परत करावेत. कंपनीचं उत्तरही ठरलेलं असतं. दोन्ही वेळा यूपीआयचा पिन विद्यार्थ्यानेच टाकला आहे आणि पैसे आमच्या खात्यात आलेलेच नाहीत, ते तुमच्याच खात्यात आहेत. यातली दोन्ही विधानं खरी असतात, आणि तरीही चूक कंपनीची असू शकते. ती दाखवून द्यायची, तर आधी पैसे कसे फिरतात ते समजून घ्यावं लागतं.

मुलगा ‘फी भरा’ हे बटण दाबतो तेव्हा अॅप पेमेंट गेटवेकडे एक ऑर्डर तयार करतं. तिला क्रमांक मिळतो. मुलगा आपल्या यूपीआय अॅपमध्ये पिन टाकतो, बँकेतून रक्कम कापली जाते, आणि मग गेटवे अभ्यासिकेच्या अॅपला कळवतो की पैसे मिळाले. महिन्याच्या पहिल्या तारखांना गर्दी असली की हा निरोप कधी कधी मिनिट-दोन मिनिटं उशिरा येतो. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर अशा वेळी ‘थांबा, तपासत आहोत’ असं दाखवतं, स्वतःच गेटवेला त्या ऑर्डरची स्थिती विचारतं, आणि मुलाने पुन्हा बटण दाबलंच तर जुनाच ऑर्डर क्रमांक वापरतं. एका ऑर्डरवर एकच यशस्वी पेमेंट स्वीकारायचं, अशी सोय बहुतेक गेटवेंकडे असते. तिचा फायदा जुना क्रमांक टिकवला तरच मिळतो.

आपल्या उदाहरणात अपडेटनंतर हेच बिघडलं. अॅप थोडा वेळ वाट पाहून थेट ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असं सांगू लागलं, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाला नवा ऑर्डर क्रमांक देऊ लागलं. मुलाने अॅपवर विश्वास ठेवून पुन्हा पिन टाकला. पहिल्या ऑर्डरचे पैसे मागाहून पोचले, दुसरीचे तर पोचलेच. गेटवेच्या दृष्टीने या दोन वेगळ्या, वैध ऑर्डरी होत्या. त्यामुळे पिन कोणी टाकला याने काहीच सिद्ध होत नाही. पहिलं पेमेंट झालेलं असताना मुलाला ते झालं नाही असं कोणी सांगितलं, हा खरा प्रश्न आहे.

हे ओळखण्याची जागा म्हणजे गेटवेच्या डॅशबोर्डवरून उतरवून घेता येणारा व्यवहारांचा अहवाल. त्यात प्रत्येक पेमेंटसमोर ऑर्डर क्रमांक, वेळ आणि बँकेचा संदर्भ क्रमांक असतो. यूपीआयचा हा संदर्भ बारा आकडी असतो आणि तोच मुलाच्या यूपीआय अॅपमध्येही दिसतो, म्हणून दोन्हीकडची नोंद जुळवता येते. आपल्या अभ्यासिकेने ३४ नावं अशी जुळवली तेव्हा ३ मुलांची पहिली रक्कम बँकेने आधीच परत केलेली निघाली. उरलेल्या ३१ जणांची दोन्ही पेमेंटं अभ्यासिकेच्या खात्यात जमा होती. म्हणजे परत करायची रक्कम ३७,२०० रुपये. जुळवणी न करता ३४ जणांना रिफंड दिला असता तर ३,६०० रुपये पदरचे गेले असते. मग जूनचा अहवाल काढला. त्या महिन्यातही काही मुलांनी दोनदा बटण दाबलं होतं, पण त्यांच्या दोन्ही प्रयत्नांना ऑर्डर क्रमांक एकच होता आणि पैसे एकदाच जमा झाले होते. पत्रातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

बँकेकडे तक्रार केली की पैसे आपोआप येतील, असा अनेकांचा समज असतो. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे : यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले पण त्याच्याकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. पण हा नियम अयशस्वी व्यवहारांसाठी आहे. आपल्या ३१ जणांचे दोन्ही व्यवहार बँकेच्या नोंदीत यशस्वी आहेत. बँक मुलाला तेवढंच सांगून परत पाठवते. इथे रिफंड अभ्यासिकेलाच सुरू करावा लागतो. म्हणून कंपनीकडून ‘पैसे द्या’ एवढंच न मागता रिफंडचं काम कोण, कधी, कुठून करणार आणि खर्च कोण सोसणार, हे नेमकं मागायचं.

ते पत्र साधारण असं होईल.

‘प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग

विषय : ३० जूनच्या अपडेटनंतर ३१ विद्यार्थ्यांकडून झालेली दुबार फी-वसुली; कारण व रिफंडच्या तारखा कळविण्याबाबत.

महोदय,

आमच्या अभ्यासिकेत आपले फी-वसुलीचे अॅप वापरले जाते. ३० जून रोजी रात्री त्याचे अपडेट झाले. १ ते ३ जुलै या काळात ३१ विद्यार्थ्यांकडून जुलैची फी (प्रत्येकी रु. १,२००) दोनदा जमा झाली आहे. जादा जमा रक्कम रु. ३७,२०० आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन्ही ऑर्डर क्रमांक, वेळा व बँक संदर्भ सोबतच्या यादीत दिले आहेत.

प्रत्येक जोडीत पहिले पेमेंट यशस्वी आहे, तरीही अॅपने ते अयशस्वी दाखवले. दोन पेमेंटमधील अंतर एक ते तीन मिनिटांचे आहे. पाच विद्यार्थ्यांनी घेतलेली स्क्रीनची छायाचित्रे जोडली आहेत. जूनमध्ये पुन्हा केलेल्या प्रयत्नांना मूळचाच ऑर्डर क्रमांक मिळत होता. जुलैमध्ये प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळाला आहे. जूनचा अहवालही सोबत आहे.

कृपया पुढील गोष्टी ७ जुलैपर्यंत लेखी कळवाव्यात. अपडेटमध्ये पेमेंटची स्थिती तपासण्याच्या व ऑर्डर तयार करण्याच्या पद्धतीत कोणता बदल केला? तो आमच्या खात्यावर किती वाजता लागू झाला? आमच्या यादीबाहेरचे विद्यार्थी यात सापडले आहेत का? दोष दुरुस्त झाला असल्यास तो कसा तपासला? दुरुस्ती होईपर्यंत आमचे खाते आधीच्या आवृत्तीवर न्यावे. १ ते ३ जुलैच्या सर्व्हरवरील नोंदी चौकशी पूर्ण होईपर्यंत पुसू नयेत.

रिफंडबाबत : यादीतील दुसरे पेमेंट ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करण्याची प्रक्रिया आपण ५ जुलैपर्यंत सुरू करावी व त्याच दिवशी प्रत्येक रिफंडचा क्रमांक आम्हाला द्यावा. रक्कम विद्यार्थ्यांच्या खात्यात कोणत्या तारखेपर्यंत दिसेल, तेही कळवावे. हे काम आपण करणार नसाल, तर ५ जुलैच्या दुपारी बारापर्यंत तसे कळवावे, म्हणजे आम्ही ते स्वतः करू. दोघांनी एकाच वेळी करू नये. या ३१ जादा पेमेंटवर व रिफंडवर गेटवेने काही शुल्क आकारल्यास ते आपण सोसावे.

आपला,
चालक’

यातल्या तारखांबद्दल थोडं सांगायला हवं. ‘लवकरात लवकर’ असं लिहिलं की कंपनीही ‘लवकरच’ असंच उत्तर देते. रिफंडला दोन टप्पे असतात. पहिला सुरू करण्याचा. तो कंपनीच्या किंवा अभ्यासिकेच्या हातात असतो आणि एका बसणीत होतो. दुसरा रक्कम मुलाच्या खात्यात दिसण्याचा. तो गेटवे आणि बँकांवर अवलंबून असतो, आणि पैसे कार्डावरून आले असतील तर त्याला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात. कंपनीला पहिल्या टप्प्याच्या तारखेला बांधता येतं, दुसऱ्याच्या तारखेचा अंदाज विचारता येतो. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले तर ‘बँकेकडून उशीर होतोय’ या सबबीमागे पहिलाच टप्पा रखडतो.

आलेल्या मार्गानेच परत, हा आग्रहही हवा. घाईत काही चालक मुलाला दुसऱ्या यूपीआय क्रमांकावर पैसे पाठवून मोकळे होतात. मग गेटवेच्या नोंदीत मूळ पेमेंट तसंच उभं राहतं, पावती दोनदा दिसते आणि वर्षअखेरीस हिशेब जुळत नाही. पेमेंट मध्यस्थांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही परतावा मूळ मार्गाने करावा, ग्राहकाने मान्य केलं तरच दुसऱ्या मार्गाने, असं म्हटलं होतं. आणखी एक अडचण असते. रिफंडची रक्कम बहुधा अभ्यासिकेच्या गेटवेमधल्या शिल्लक जमेतून वळती होते. जुलैची वसुली आधीच बँकेत गेली असेल तर शिल्लक अपुरी पडते आणि रिफंड अडून राहतात. सुरू करण्याआधी तिथे ३७,२०० रुपये आहेत का, हे पाहून घ्यावं.

कंपनीचं उत्तर येतं तेव्हा ते कारण आहे की सबब, हे पारखता येतं. ‘नेटवर्कच्या अडचणीमुळे असं झालं’ हे कारण होत नाही. नेटवर्क जूनमध्येही मंदावत होतं, पण तेव्हा पैसे दोनदा जमा होत नव्हते. अशा उत्तराला जूनच्या अहवालाकडे बोट दाखवून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. खरं कारण सांगणाऱ्या उत्तरात काय बदललं, कधी बदललं आणि आता काय पूर्ववत केलं, हे तिन्ही असतं. दुरुस्ती झाल्याचं कळवलं, तर बटण दाबून पेमेंट अर्धवट सोडावं, पुन्हा दाबावं आणि डॅशबोर्डवर दोन्ही प्रयत्नांचा ऑर्डर क्रमांक एकच आहे का ते पाहावं. वेगळा असेल तर दोष जिवंत आहे, आणि तोपर्यंत फी रोख किंवा थेट बँकेत घेतलेली बरी.

रिफंडचा क्रमांक हाती आला की तो त्याच दिवशी ज्याचा त्या मुलाला पाठवावा. तो न मिळालेला मुलगा कंटाळून बँकेकडे वाद दाखल करतो. मग इकडून रिफंड गेलेला असतानाच तिकडून बँकही तेच १,२०० रुपये गेटवेमार्फत अभ्यासिकेकडून मागते, आणि त्या वादाला दिलेल्या मुदतीत रिफंडचा पुरावा पोचवला नाही, तर ते परत मिळवणं कठीण होऊन बसतं.