कूस बदलली का?



मोडनिंबच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आम्ही जातो, तेव्हा बऱ्याच घरांत बाजेवर कुणीतरी पडून असतं. कुणाला अर्धांगवायूचा झटका आलेला असतो, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं असतं. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी देतात आणि "काळजी घ्या" म्हणतात. आता काळजी घ्यायची म्हणजे सकाळी उठल्यापासून नेमकं काय करायचं, ते आज सांगतो.

पडून असलेल्या माणसाला मूळ आजाराशिवाय आणखी तीन गोष्टींचा धोका असतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो आणि पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते. तिन्ही दुखणी वेगळी दिसतात, पण त्यांचं मोठं कारण एकच आहे, ते म्हणजे शरीर न हलणं. म्हणून आमचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. आम्ही विचारतो, कूस कधी बदलली?

समजा, एका घरात पासष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. डावा हात आणि डावा पाय गेलेला आहे. सून सकाळी स्वयंपाक उरकून दहा वाजता खुरपणीला जाते आणि चारला परत येते. घरात सासरे आहेत, ते पाणी देतात, पण कूस बदलत नाहीत. दहा ते चार म्हणजे सहा तास सासूबाई पाठीवरच. जखम याच सहा तासांत सुरू होते, आणि दिसते मात्र दोनतीन दिवसांनी.

आतमध्ये काय होतं पाहा. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, कोपर, खांद्याचं पातं आणि डोक्याचा मागचा भाग, या ठिकाणी हाडावर मांस कमी असतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तिथलं रक्त थांबतं. आपण झोपेतही हलतो, म्हणून आपलं काही बिघडत नाही. सासूबाईंना डाव्या अंगाला दुखलेलं कळत नाही, आणि कळलं तरी हलता येत नाही. म्हणून साधा नियम असा, की दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायची.

कूस बदलायची म्हणजे ओढायचं नाही. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते, हाड पुढे सरकतं आणि आतलं मांस फाटतं. जुनं सुती लुगडं चार पदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली कायम घालून ठेवा. दोघं असाल तर दोन्ही बाजूंनी ते लुगडं धरून उचला आणि सरकवा. एकटी असाल तर आधी त्यांना बाजेच्या पलीकडच्या बाजूला थोडं सरकवून घ्या, म्हणजे वळवताना त्या कडेवर येणार नाहीत. मग ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभ्या राहा. पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा हात छातीवर आणा, एक हात खांद्यामागे आणि एक खुब्यामागे घालून आपल्याकडे वळवा. लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो.

पूर्ण कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी किंवा गुंडाळलेली गोधडी लावा आणि त्यांना त्यावर थोडं मागे रेलू द्या. ना पुरती पाठ, ना पुरती कूस. मग खालून तळहात सरकवून पाहा. माकडहाड आणि खुब्याचं हाड, दोन्ही गादीवर टेकलेली नसावीत. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवा. पाठीवर झोपवलं तर पोटऱ्यांखाली उशी घाला, म्हणजे टाचा अधांतरी राहतील.

रोज अंग पुसताना कातडी बघायची. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडला आणि बोट काढल्यावर पुन्हा लाल झाला, तर रक्त अजून फिरतंय. दाबूनही तसाच लाल राहिला, तर जखमेची सुरुवात झाली आहे असं समजा. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही. तिथं डाग जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा काळा दिसतो, हाताला गरम, टणक किंवा पिळपिळीत लागतो.

आपल्या सासूबाईंच्या माकडहाडावर तिसऱ्या दिवशी रुपयाएवढा डाग दिसला, आणि दाबून तो पांढरा पडला नाही. मग काय करायचं? त्या दिवसापासून पाठीवर झोपवणं बंद. फक्त उजवीकडे कलतं आणि डावीकडे कलतं. डाव्या, म्हणजे लुळ्या बाजूवर कमी वेळ ठेवायचं आणि डावा खांदा अंगाखाली चेपू द्यायचा नाही. सून दहाला निघताना उजवीकडे वळवून जाईल, बाराला सासरे आणि शेजारीण, दोनला शाळेतून आलेला नातू आणि सासरे. भिंतीवर कागद लावायचा, त्यावर वेळ आणि बाजू लिहायची. पोरगा आहे म्हणून त्याला सूट नको, उलट पोरांना जोर जास्त असतो. कातडी फुटलेली नसेल आणि भार खरोखर काढला, तर असा डाग बहुतेक वेळा काही दिवसांत जातो. रात्री मात्र दर दोन तासांनी उठून कुणाचा निभाव लागत नाही. गादी चांगली असेल आणि सकाळी कुठं डाग दिसत नसेल, तर रात्री दहा, दोन आणि सहा असं चालवता येतं. डाग दिसला तर वेळ पुन्हा कमी करायची.

डागावर मालिश करू नका. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळल्यावर ते आणखी फाटतं. रबरी कडं किंवा चुंबळ खाली ठेवणंही चुकीचं, कारण कडेला दाब वाढून मधल्या जागेचं रक्त तुटतं. लघवी-संडास झाली की लगेच साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. पावडर घामात भिजून गोळे होते आणि तीच टोचते.

हवेची गादी चांगली, पण कूस बदलायचं काम ती करत नाही. शिवाय ती विजेवर चालते. आपल्याकडे लाईट गेली की मोटार थांबते आणि बऱ्याच गाद्या हळूहळू बसतात. माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी हात घालून पाहा. वरून हाड हाताला लागलं तर गादी असून नसल्यासारखी आहे.

कातडी फुटली, फोड आला किंवा पाणी यायला लागलं, तर आशाताईंना बोलवा किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा. तोवर एक लिटर पाण्यात दोन सपाट लहान चमचे मीठ घालून दहा मिनिटं उकळा, झाकून गार करा आणि त्यानं जखम धुऊन स्वच्छ सुती कापड ठेवा. हळद, राख, टूथपेस्ट काही भरू नका. जखम काळी पडली, वास आला, हाड दिसलं किंवा ताप आला तर घरी थांबायचं नाही. आणि जेवणाकडे लक्ष द्या. मऊ भाताबरोबर घट्ट डाळ, अंडं, दूध, दही रोज पोटात गेलं पाहिजे, कारण नवं मांस त्यातूनच भरतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

आता छातीकडे येऊ. इथं एक पेच आहे. कातडीसाठी माणूस आडवा असलेला बरा, कारण रेलून बसवलं की तो खाली घसरतो आणि माकडहाड घासतं. पण जेवताना आडवं ठेवलं तर घास श्वासनळीत जातो. झटका आलेल्या माणसाचं गिळणं बिघडलेलं असतं, त्यामुळे हा धोका त्यांना सगळ्यांत जास्त. यावर तोडगा असा, की जेवणापुरतं ताठ बसवायचं, गुडघ्यांखाली उशी घालायची म्हणजे घसरणार नाहीत, आणि जेवणानंतर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवून मग कलतं झोपवायचं. लहान घास, हनुवटी किंचित खाली, आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. डाव्या गालात अन्न साठून राहतं, ते बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा. दोन वेळा तोंड आणि दात, कवळी असेल तर तीही साफ करा. तोंडातली घाण छातीत उतरते, हे फार कुणी सांगत नाही. पाणी पिताना प्रत्येक वेळी ठसका लागत असेल किंवा आवाज ओला, घुरघुरता होत असेल, तर पातळ पदार्थ देणं थांबवून डॉक्टरांना विचारा. जागेपणी तासातासाला दहा खोल श्वास घ्यायला लावा आणि मग जोरात खोकायला सांगा.

म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. नुसत्या झोपून राहतात, असंबद्ध बोलतात, जेवण सोडतात. म्हणून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. शांत पडलेल्या माणसाचे वीसच्या आत असतात. पंचविसाच्या वर गेले तर त्याच दिवशी दाखवा. तिसाच्या वर गेले किंवा ओठ निळे दिसले तर 108 ला फोन.

राहिला पाय. पोटरीचे स्नायू हलले की रक्त वर ढकललं जातं. ते थांबलं की शिरेत रक्त साकळतं. उजव्या पायाचं पाऊल त्यांनीच वरखाली करायचं, तासाला दहा वेळा. डावं पाऊल आपण हातात धरून तसंच करायचं. डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलं नसेल तर दिवसभर थोडं थोडं पाणी द्या.

आणि आता मालिश. संध्याकाळी पोटऱ्यांना तेल लावून दाबून देणं ही आपल्याकडची माया आहे, आम्हाला ते कळतं. पण एकच पाय सुजलेला, गरम किंवा रंग बदललेला असेल तर त्या पायाला हात लावू नका. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. लुळ्या पायाला दुखणं कळत नाही, म्हणून विचारून भागत नाही, मोजावं लागतं. शिवणकामाचा टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा आणि भिंतीवरच्या त्याच कागदावर लिहा. घरी आणल्याच्या दिवशी मोजा आणि मग दर दोन दिवसांनी. फरक तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फरक कमी असला पण सूज नव्यानं आलेली असली, तरीही जा. रक्त पातळ करायची गोळी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आणू नका. झटक्याच्या आजारात ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे डोक्याचा फोटो बघून ठरतं. घट्ट मोजेही स्वतःहून घालू नका. झटका आलेल्यांना त्यांचा गाठीसाठी उपयोग दिसलेला नाही, कातडी मात्र सोलते.

एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं किंवा चक्कर आली, तर पाय सुजलेला असो वा नसो, आधी 108 लावा. गाडी येईपर्यंत त्यांना डोकं वर करून ठेवा, चालवू नका. आणि निघताना भिंतीवरचा तो कागद काढून बरोबर घ्या. सोलापूरला सिव्हिलमध्ये डॉक्टर विचारतील की पाय कधीपासून सुजला, श्वास कधीपासून वाढला, तेव्हा तो त्यांच्या हातात द्या.