उभा काढलेला फोटो आडवा का पडतो?

आजी दारात उभी आहे आणि तिचा फोटो फोन उभा धरून काढला आहे. फोनवर तो सरळ दिसतो. ऑनलाइन अर्जाला जोडताना पडद्यावरच्या छोट्या चौकटीतही आजी सरळच उभी असते. पण अर्ज जमा करून त्याची छापील प्रत काढली, की आजी आडवी पडलेली असते आणि तिचं डोकं कागदाच्या डाव्या कडेला गेलेलं असतं. अशा वेळी दोष बहुधा फोटो काढणाऱ्याला दिला जातो. खरं तर फोटो कसा धरून पाहायचा हे फाईलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं. मधल्या कुणीतरी ते वाचलेलं नसतं, इतकंच.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पिक्सेलच्या ओळी असतात आणि त्या साधारणपणे फोनच्या लांबीच्या दिशेने जातात. फोन उभा धरला, तरी या ओळी वाचण्याचा क्रम बदलत नाही. त्यामुळे आजीच्या फोटोत फाईलमधली पहिली ओळ ही दृश्याची वरची कड नसून उजवी कड असते, वरून खाली वाचलेली. बारा मेगापिक्सेलचा हा फोटो ४०३२ रुंद आणि ३०२४ उंच असा आडवाच साठवला जातो. तो साठवण्याआधी फिरवायचा, तर सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल नव्या जागी मांडावे लागतील. त्याऐवजी बरेच फोन सोपा मार्ग घेतात: पिक्सेल आहेत तसे ठेवायचे आणि सोबत एक आकडा लिहायचा.

हा आकडा एक्झिफ नावाच्या माहितीत बसतो. एक्झिफचं मानक जपानमध्ये १९९५ साली तयार झालं. तारीख, शटरचा वेग, फोनचं मॉडेल आणि परवानगी दिली असेल तर फोटो काढल्याची जागा, असं सगळं या माहितीत असतं. दिशेच्या नोंदीला 'ओरिएंटेशन' म्हणतात आणि तिची किंमत १ ते ८ यांपैकी एक असते. १ म्हणजे आहे तसा दाखवा, ३ म्हणजे उलटा करा, ६ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा द्या, ८ म्हणजे उलट दिशेने पाव फेरा द्या. उरलेले चार आकडे आरशातल्यासारख्या उलटलेल्या प्रतिमांसाठी आहेत आणि ते क्वचितच भेटतात. मागच्या कॅमेऱ्याने, फोन नेहमीसारखा उभा धरून काढलेल्या फोटोत बहुधा ६ असतो. संगणकावर हे पाहायचं असेल, तर एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम चालवावा:

```
exiftool -n -Orientation -ImageSize photo.jpg
```

आजीच्या फोटोसाठी उत्तर येईल ६ आणि ४०३२ × ३०२४. उभ्या दिसणाऱ्या फोटोची रुंदी उंचीपेक्षा जास्त निघाली, तर तो केवळ त्या आकड्याच्या भरवशावर उभा आहे, हे पक्कं समजावं.

अर्जाच्या वेळी काय झालं, ते आता उलगडतं. छोट्या चौकटीतला फोटो ब्राउझरने दाखवला होता. वेबपानातल्या फोटोंचा हा आकडा ब्राउझर पूर्वी पाळत नसत. २०२० मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांनीही तो आपणहून पाळायला सुरुवात केली, म्हणून तिथे आजी सरळ दिसली. सर्व्हरवर मात्र फोटो लहान करणारा वेगळाच प्रोग्रॅम बसलेला असतो. त्याची आज्ञा साधारण अशी असते:

```
magick photo.jpg -resize 800x800 -strip out.jpg
```

यातला `-strip` फाईलला चिकटलेली माहिती काढून टाकतो. त्यामागचा हेतू चांगला आहे, कारण घराचं ठिकाण सांगणारे अक्षांश-रेखांश सगळ्या जगाला दिसू नयेत. पण त्याच झाडलोटीत दिशेचा आकडाही जातो. हाती उरतो ८०० × ६०० चा आडवा फोटो, आणि तो कुठल्या बाजूने पाहायचा हे सांगणारं आता कुणीच नसतं. इथून पुढे ब्राउझर कितीही नवा असला, तरी काही उपयोग नाही. उपाय एका शब्दाचा आहे:

```
magick photo.jpg -auto-orient -resize 800x800 -strip out.jpg
```

`-auto-orient` आधी आकडा वाचतो, पिक्सेल खरोखर फिरवतो आणि आकडा १ करतो. मग माहिती पुसली, तरी बिघडत नाही. निघणारी फाईल ६०० × ८०० ची आणि उभी असते. वर्डप्रेसने २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून अपलोड होतानाच हे काम करायला घेतलं. ज्यांनी आपली अपलोडची यंत्रणा स्वतः लिहून घेतली आहे, त्यांच्याकडे हा एक शब्द अजूनही राहून गेलेला असू शकतो, आणि तो घालणं ही त्यांचीच जबाबदारी आहे. फोटो फिरवून पाठवा अशी सूचना अर्जावर छापणं हे त्याचं उत्तर नव्हे.

याच्या नेमका उलटा घोटाळाही होतो. एखादा प्रोग्रॅम पिक्सेल फिरवतो, पण ६ हा आकडा १ करायला विसरतो. पुढचा प्रोग्रॅम प्रामाणिकपणे ६ वाचतो आणि सरळ झालेला फोटो पुन्हा फिरवतो. २०२० नंतर काही जुन्या वेबसाइटवर हेच घडलं. तिथे फोटो सरळ करण्याची सोय पानातच हाताने केलेली होती. ब्राउझरही फिरवू लागल्यावर दोन फेरे झाले.

या दोन दोषांतला फरक नुसत्या नजरेने ओळखता येतो. फोटोतला मूळ आकडा ६ असेल आणि डोकं डावीकडे पडलं असेल, तर आकडा वाचलाच गेलेला नाही. डोकं उजवीकडे असेल, तर फोटो दोनदा फिरला आहे. वेबसाइटवाल्यांकडे तक्रार करताना एवढं लिहिलं, तरी त्यांचा शोध निम्म्यावर येतो.

आपल्या हातात काय आहे? फोनच्या गॅलरीतलं फिरवण्याचं बटण दाबावं, असं सगळ्यांनाच सुचतं. पण काही ॲप तेव्हाही पिक्सेलला हात न लावता फक्त आकडा बदलतात. मग कितीही वेळा फिरवलं, तरी तिकडे फोटो तसाच आडवा पोचतो. त्यापेक्षा फोटोची एक कड किंचित कापून नवी प्रत जतन करावी. कापताना प्रतिमा नव्याने लिहावी लागते आणि बहुतेक वेळा ती सरळ लिहिली जाते. पुन्हा एक्झिफटूलने पाहावं. आकडा १ आणि रुंदी उंचीपेक्षा कमी असेल, तर तो फोटो कुठेही पाठवावा, आडवा पडायला त्यात काही उरलेलं नसतं.

टेबलावर ठेवलेल्या कागदपत्रांची गोष्ट मात्र निराळी आहे. दाखला किंवा सातबारा टिपताना आपण फोन कागदावर अगदी सपाट धरतो. फोन कसा धरला आहे, हे त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवरून कळतं. सपाट फोनमध्ये ही ओढ पडद्यातून आरपार जाते, त्यामुळे वरची कड कुठली हे ठरत नाही आणि आधीची दिशाच कायम राहते. इथे आकडा वाचला गेला, तरी तोच चुकीचा असतो, म्हणून असा फोटो आपल्या गॅलरीतही आडवा दिसतो. टिपण्यापूर्वी फोन क्षणभर सरळ उभा धरावा, कॅमेऱ्याच्या पडद्यावरची चिन्हं उभी झाली की तसाच हळूच कागदावर न्यावा आणि मग बटण दाबावं.