बदलापूर टू जहांगीर, व्हाया निमंत्रण

जहांगीरला शो लागणं ही चित्रकाराच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. अर्ज करून काही वर्षं थांबावं लागतं आणि हातात येतो एकच आठवडा, मंगळवार ते सोमवार. बदलापूर-अंबरनाथकडचा चित्रकार असेल तर आणखी एक प्रश्न असतो. आपली माणसं तिथवर येणार कशी?

हा प्रश्न सुटतो निमंत्रणात. माझ्या अंबरनाथच्या एका चित्रकार मित्राच्या निमंत्रणाचा मजकूर आम्ही चहाच्या तीन राउंडमध्ये ठरवला, तेव्हा कळलं की हा कागद दोन वेगळ्या लोकांसाठी असतो. एक, लांबून येणारा आपला माणूस. दुसरा, चित्र विकत घेऊ शकणारा अनोळखी माणूस.

आधी आपला माणूस. सीएसएमटीपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. म्हणजे लोकलमध्ये साधारण दीड तास, त्यानंतर काळा घोड्यापर्यंत वीसेक मिनिटांची चाल. मंगळवारी संध्याकाळी पाचला उद्घाटन म्हटलं, की अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्याला हाफ डे टाकावा लागणार. त्याला निमंत्रणात फक्त ‘उद्घाटन सायं. ५ वा.’ दिसलं, तर तो मनातल्या मनात ‘जमणार नाही’ म्हणून मोकळा होतो! म्हणून दुसरी ओळ तितक्याच ठळक अक्षरात हवी: ‘प्रदर्शन रोज सकाळी ११ ते सायं. ७’. त्याखाली ‘शनिवार-रविवार चित्रकार दिवसभर गॅलरीत भेटतील’. मित्राच्या ओळखीच्यांपैकी बरेच जण या ओळीमुळे रविवारी आले, तेही मुलाबाळांसह. तारखेपुढे वार लिहायचाच, आणि तो कॅलेंडरवर ताडून पाहायचा. वार आणि तारीख जुळली नाही, तर फोनवर फोन येतात.

मग पाहुणे. आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सची सवय. एका नेत्याचं नाव टाकलं की दुसऱ्याचं टाकावं लागतं, आणि शेवटी चित्रकाराचंच नाव शोधावं लागतं. मित्राच्या पहिल्या मसुद्यात नऊ नावं होती. आम्ही तीनच ठेवली: उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि चित्रांवर बोलणारे एक ज्येष्ठ कलाशिक्षक. निकष साधा होता, या माणसाला भिंतीवरच्या चित्रांबद्दल पाच मिनिटं बोलता येईल का? प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने १९४९ मध्ये मुंबईत प्रदर्शन भरवलं, तेव्हा उद्घाटनाला लेखक मुल्कराज आनंद होते. पाहुणा असा निवडला की त्याचं नावच प्रदर्शनाची ओळख करून देतं.

पाहुण्याचा होकार मेसेजवर लेखी आल्याशिवाय नाव छापायचं नाही. नाव आणि हुद्दा त्यांनी स्वतः लिहून पाठवला तसाच घ्यायचा. उद्घाटकांना अर्धा तास आधीची वेळ कळवलेली बरी. ते उशिरा आले, तर बदलापूरची मंडळी घड्याळ बघत उभी राहतात आणि भाषण सुरू होताना निघतात.

आता नाजूक मुद्दा, पैसे. मित्र म्हणाला, ‘अगं, निमंत्रणात विक्रीचं लिहिलं तर दुकान मांडल्यासारखं वाटेल.’ पण लिहिलंच नाही, तर पहिल्यांदा गॅलरीत येणारा समजतो की चित्रं फक्त बघायची आहेत. तोही विचारत नाही, चित्रकारही सांगत नाही. ‘सेल’, ‘सवलत’, ‘बुकिंग सुरू’ हे शब्द बाद केले. किंमतही टाकली नाही, कारण मोठा आकडा वाचून माणूस येतच नाही आणि छोटा वाचून चित्र न बघताच घासाघीस सुरू करतो. किमतींची यादी गॅलरीतल्या टेबलावर ठेवली. विकलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लागते आणि चित्र शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहतं, हे मात्र घेणाऱ्याला आधीच सांगायचं. मित्राला आईचं पोर्ट्रेट विकायचं नव्हतं. म्हणून ‘सर्व चित्रे’ असं न लिहिता नुसतं ‘चित्रे’ लिहिलं.

शेवटी मजकूर असा झाला. रिकाम्या जागा तुमच्या.

‘सस्नेह निमंत्रण. (चित्रकाराचं नाव) यांच्या जलरंगातील चित्रांचे प्रदर्शन. उद्घाटन: मंगळवार, दि. __, सायं. ५ वा. हस्ते: __. प्रमुख पाहुणे: __. प्रदर्शन सोमवार, दि. __ पर्यंत रोज ११ ते ७. शनिवार-रविवार चित्रकार दिवसभर भेटतील. स्थळ: जहांगीर आर्ट गॅलरी, काळा घोडा, मुंबई. चित्रे संग्रहासाठी उपलब्ध आहेत. माहिती गॅलरीतील टेबलावर मिळेल.’

उल्हासनगरच्या सिंधी मित्रमंडळींसाठी हाच मजकूर हिंदीत केला. छापील कार्ड दहा-बारा दिवस आधी गेलं, मोबाइलवरचं चित्र तीन दिवस आधी. पाठवण्यापूर्वी ते स्वतःच्या फोनवर उघडून हात लांब धरून बघा. वेळ वाचता येत नसेल, तर अक्षर मोठं करा आणि त्यासाठी जागा हवी असेल, तर एखादा पाहुणा कमी करा!