गिरमिट अडलं, मुळंही अडतील का?

विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत संत्रा लावायचा असेल, तर कलमं आणण्याआधी गिरमिट आणा. मुळं किती खोल जाऊ शकतील, हे वरून दिसत नाही.

पावसाळा सरताना, जमीन वाफशावर असताना हे काम करावं. वाळलेल्या काळ्या मातीत गिरमिट शिरत नाही आणि ओल्या गाऱ्यात थर ओळखू येत नाहीत. दांड्यावर दर दहा सेंटीमीटरला खूण करा. दोन-चार फेरे झाले की गिरमिट उपसा आणि निघालेली माती पोत्यावर खोलीच्या क्रमाने मांडत जा. मध्येच अडलं तर दगडही असू शकतो, म्हणून मीटरभर सरकून पुन्हा पाहा. तिथेही त्याच खोलीवर अडलं तरच तो थर धरा.

समजा, माती अशी निघाली: वीस सेंटीमीटरपर्यंत भुसभुशीत, पुढे दहा सेंटीमीटर घट्ट, मग सत्तरपर्यंत काळी चिकण. त्याखाली पांढरे चुनखडीचे खडे, ऐंशीनंतर करड्या मातीत तांबूस ठिपके आणि मीटरखाली मुरूम.

वीसवरचा घट्ट थर बहुधा दरवर्षी एकाच खोलीवर नांगरल्याने आणि ट्रॅक्टरच्या वजनाने झालेला असतो. गिरमिट मातीची घडण मोडून टाकतं, त्यामुळे इथे लहान खड्डा खणून खात्री करावी. मुळं या थरावर आडवी वळलेली दिसली, तर जमीन कोरडी असताना सबसॉयलरने तो फोडता येतो. सोयाबीनला खरा अडथळा हाच. त्याची बहुतेक मुळं साठ सेंटीमीटरच्या आतच असल्याने खालची चुनखडी त्याला फारशी नडत नाही.

संत्र्याचं तसं नाही. चुनखडीमुळे मातीतलं लोह झाडाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. त्याहून वाईट ते तांबूस ठिपके. तिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं, हे त्यांवरून कळतं आणि तुंबलेल्या पाण्यात संत्र्याची मुळं सडतात. खात्रीसाठी एक भोक झाकून ठेवा आणि सततच्या पावसात त्यात पाणी किती वर येतं ते बघा. मुरूम मात्र नेहमीच वैरी नसतो. बोटांनी चुरडला जाणाऱ्या, भेगा असलेल्या मुरमात मुळं घुसतात. अखंड कातळात घुसत नाहीत.

या शेतात संत्र्यासाठी कामाची खोली मीटरभर नव्हे, सत्तर सेंटीमीटरच धरावी. दहा सेंटीमीटर माती पंधरा मिलिमीटर पाणी देते असं मानलं, तर साठा सुमारे १०५ मिलिमीटरचा. निम्मा वापरून पाणी द्यायचं आणि झाड दिवसाला चार मिलिमीटर घेतं असं धरलं, तर तेरा दिवसांत पाळी येते. मीटर धरून हिशोब केला असता, तर ती अठरा दिवसांवर गेली असती. पाण्याचा निचरा होईल असे चर आधी काढता येत नसतील, तर या शेतात संत्रा लावू नका, सोयाबीन घ्या.