बिल वेगळं, खातेउतारा वेगळा

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपला ड्रिल, ग्राइंडिंग व्हील आणि कटिंग ऑइल पुरवणाऱ्या दुकानदाराला एक वाक्य वारंवार ऐकावं लागतं : “दर वेळी बिल कशाला पाठवता, महिन्याअखेर एकच कागद द्या की!” मागणी वाजवी वाटते. पण हा ‘एकच कागद’ म्हणजे महिन्याचं एकत्र बिल की खात्याचा उतारा, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही एकच समजले, की घोळ सुरू होतो.

बिल एका व्यवहाराचं असतं : कोणता माल, किती, कोणत्या दराने, कर किती. उताऱ्यात हे काही नसतं. मागची बाकी, महिन्यातली बिलं, आलेले पैसे, माल परत आल्यास क्रेडिट नोट आणि शेवटी येणं किती, एवढंच. ग्राहकाला जीएसटीचं क्रेडिट बिलावर मिळतं, उताऱ्यावर नाही. शिवाय कायद्यानुसार मालाचं कर-बिल सर्वसाधारणपणे माल दुकानातून निघण्याआधी किंवा निघतानाच करावं लागतं. म्हणून महिनाभर नुसत्या चलानावर माल देऊन तीस तारखेला एक बिल फाडणं, हे आमच्या दुकानदाराला चालत नाही. करार करून सतत पुरवठा होतो आणि ठरावीक मुदतीने हिशेब होतो, तिथे कायद्याने सवलत दिली आहे. झेरॉक्स मशिनची देखभाल किंवा ऑफिसची साफसफाई अशा सेवांना महिन्याचं एकच बिल शोभतं. तिथे रोज नवा व्यवहार होतच नाही.

वर्कशॉपचं जून महिन्याचं खातं बघू. मेअखेर बाकी १८,४०० रुपये. जूनमध्ये चार बिलं झाली : चार तारखेला ७,०८०, अकराला ११,८००, एकोणीसला ४,७२० आणि सत्तावीसला ९,४४०. अकराच्या बिलातलं एक व्हील तडा गेलेलं निघालं, त्याची ११८० ची क्रेडिट नोट दिली. पंधरा तारखेला ग्राहकाने १८,००० जमा केले. उताऱ्याची शेवटची ओळ : येणं ३२,२६०.

वर्कशॉपच्या वहीत मात्र देणं २७,५४० निघालं. फरक ४,७२० चा, म्हणजे बरोबर एकोणीस तारखेच्या बिलाइतका. माल पोचला होता, चलानावर सही होती, पण बिल टेबलावरच्या कागदांत गाडलं गेलं होतं. नुसती बिलं पाठवून बसणाऱ्याला ही चूक तीन महिन्यांनी कळली असती, तीही भांडताना. फरकाचा आकडा एखाद्या बिलाशी किंवा जमेशी जुळतो का, हे आधी बघावं. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

आता त्या १८,००० कडे वळू. बाकी १८,४०० असताना गोल रक्कम आली. ती कोणत्या बिलापोटी, हे ग्राहकाने सांगितलं नाही, आणि व्यापारात बहुधा कोणी सांगतही नाही. करार कायद्यानुसार ते ठरवण्याचा पहिला हक्क देणाऱ्याचा. तो बोलला नाही, तर घेणाऱ्याचा. दोघांनीही ठरवलं नाही, तर तारखेच्या क्रमाने जुनं आधी फिटतं. म्हणून ‘मागील बाकी १८,४००’ अशी एकच ओळ लिहिणारा उतारा माझ्या मते अर्धवट असतो. न फिटलेलं प्रत्येक जुनं बिल नंबर आणि तारखेसह दिसायला हवं. नाहीतर राहिलेले चारशे रुपये वर्षभर पुढे सरकत राहतात आणि ते कशाचे, हे दोघांनाही सांगता येत नाही.

मग उतारा कुठे लागतो? जिथे खरेदी लहान आणि वारंवार, पैसे हप्त्याहप्त्याने, आणि मालक स्वतःच चेक फाडतो, तिथे. उलट मोठ्या कंपनीत किंवा सरकारी कार्यालयात प्रत्येक बिल खरेदी-ऑर्डरच्या नंबरशी जुळवून, आवक नोंद बघून स्वतंत्रपणे मंजूर होतं. तिथे उतारा पाठवून पैसे लवकर येतील, ही आशा फोल. त्या बिलावर ऑर्डर नंबर नसला, तर ते परत येतं, एवढंच. वर्षातून एक मोठं मशीन घेणाऱ्यालाही उतारा कशाला? त्याला बिल द्यावं आणि मुदत संपली की फोन करावा.

उताऱ्याचा एक उपयोग मात्र फार जण विसरतात. उधारीवर विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी ग्राहकाने बाकी लेखी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या उताऱ्याला नुसता अंगठा दाखवला म्हणून खुश होऊ नका. निदान ३१ मार्चच्या उताऱ्यावर तरी ‘बाकी मान्य’ असं लिहून घ्या, खाली सही, तारीख आणि शिक्का घ्या, आणि तो कागद जपून ठेवा.