अंगठा थांबवणारी ओळ

समजा, तुम्हाला गच्चीवरच्या बागेचा नाद आहे आणि इन्स्टाग्रामवर पहिलं कॅरोसेल टाकायचं आहे. कॅरोसेल म्हणजे एकाच पोस्टमध्ये ओळीने लावलेली चित्रं, एकेक करून बोटाने सरकवायची. विषय कढीपत्त्याचा. सात स्लाइड तयार आहेत आणि पहिल्या स्लाइडवर तुम्ही लिहिलंय, ‘कढीपत्त्याची काळजी : ५ महत्त्वाच्या टिप्स’.

ही ओळ चुकीची नाही, पण तिच्यावर कुणी थांबणार नाही. यातला ‘कढीपत्ता’ खोडून ‘जास्वंद’ लिहून पाहा. ओळ तशीच चालते. ‘केस’ लिहा, तरी चालते. शब्द बदलूनही जे शीर्षक बिनबोभाट चालतं, त्यात वाचणाऱ्याला स्वतःचं काही दिसत नाही. आपल्या कढीपत्त्याला काळजी हवी, असं मनाशी म्हणत कुणी फोन चाळत नसतं. त्याच्या मनात तक्रार असते, तीही नेमकी : झाड काठीसारखं उंच गेलंय, पण फांद्याच फुटत नाहीत.

म्हणून शीर्षक सुरुवातीला लिहू नका. आधी सगळ्या स्लाइड पुऱ्या करा आणि त्यांतली सर्वांत उपयोगी एक गोष्ट शोधा. इथे ती चौथ्या स्लाइडवर दडली आहे : वाढता शेंडा पानाच्या जरा वर कापला की खालचे डोळे फुटतात आणि झाड पसरतं. शेंडा शाबूत असेपर्यंत तो बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. आपण मात्र फोडणीसाठी खालची पानं ओरबाडतो आणि शेंडा तसाच ठेवतो. पाच टिप्सपैकी खरी बातमी हीच.

आता शीर्षकाचा दुसरा प्रयत्न : ‘कढीपत्त्याचा शेंडा कापा, फांद्या फुटतील’. तक्रार आली, उपायही आला. पण सगळं इथेच कळल्यावर पुढे सरकवायचं कशाला? तिसरा प्रयत्न : ‘कढीपत्त्याबद्दलची ही चूक तुम्हीही करताय!’ यात उत्सुकता आहे, पण चूक कशाबद्दलची याचा पत्ता नाही. असल्या ओळींना लोक विटले आहेत. चौथा : ‘कढीपत्ता नुसता उंच वाढतोय? पानं चुकीच्या जागेवरून तोडताय’. इथे तक्रार वाचणाऱ्याच्या शब्दांत आहे आणि कारण अर्धं सांगितलंय. योग्य जागा कोणती, एवढंच पुढच्या स्लाइडवर राहिलं. काय बिघडलं ते सांगायचं आणि कसं सुधारायचं ते राखून ठेवायचं, एवढाच हा हिशेब.

राखून ठेवलेलं लगेच द्यावंही लागतं. दुसऱ्या स्लाइडवर ‘नमस्कार मंडळी, आज आपण पाहणार आहोत’ आलं की माणूस निघून जातो. म्हणून चौथी स्लाइड उचलून दुसरी करा. कुठे कापायचं ते फोटोत दाखवा, आणि थंडीत वाढ मंदावलेली असताना कापू नका, हेही तिथेच सांगा. याला आणखी एक कारण आहे. पहिल्या वेळी न सरकवता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम कधी कधी तेच कॅरोसेल दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. तेव्हा ती स्लाइडच तुमचं मुखपृष्ठ ठरते.

मग उरते मांडणी. १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी स्लाइड कॉम्प्युटरवर ऐसपैस दिसते, पण फोनवर ती जेमतेम सात सेंटिमीटर रुंद असते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘कढीपत्त्याच्या’ एवढा एकच शब्द मोठ्या अक्षरात ओळ खाऊन टाकतो, म्हणून ‘कढीपत्ता’ असा मोकळा शब्द बसेल अशी वाक्यरचना करा. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. तक्रारीची ओळ मोठी ठेवा, कारणाची जरा लहान. प्रोफाइलच्या चौकटीत उभ्या स्लाइडच्या दोन्ही कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा अक्षरं काठाला टेकवू नका.

टाकण्याआधी स्लाइड फोनवर उघडून घरातल्या कुणाला तरी दोन सेकंद दाखवा, फोन खाली ठेवा आणि विचारा, ‘आत काय असेल?’ उत्तर ‘झाडांबद्दल काहीतरी’ असं आलं, तर ओळ अजून सैल आहे. ‘पानं कुठून तोडायची ते’ असं आलं, तर जमलं.

टाकल्यानंतर पोस्ट बऱ्याच जणांपर्यंत पोचली, पण जपून ठेवणारे किंवा पुढे पाठवणारे अगदीच थोडे निघाले, तर आधी पहिल्या दोन स्लाइड तपासा. काही आठवड्यांनी बाकी सगळं तसंच ठेवून फक्त शीर्षक बदला आणि पुन्हा टाका. एकदाच्या फरकावर फार विसंबू नका, कारण दिवस आणि वेळ यांनीही आकडे हलतात. पण टिप्पण्यांत लोक ‘माझंही असंच काठीसारखं झालंय’ असं लिहू लागले, तर पुढच्या कॅरोसेलचं शीर्षक त्यांच्याच वाक्यांतून उचला.